गोंगाटाची रोजकीर्द

बँकेत तेहेतीस वर्षे काढलेल्या माणसाकडे नातेवाईक दोनच कामांसाठी येतात. ठेवीवर जास्त व्याज कुठे मिळेल हे विचारायला, नाहीतर अर्ज लिहून घ्यायला. मी कादंबऱ्याही लिहिल्या आहेत, पण त्या कारणासाठी अद्याप कुणी घराची पायरी चढलेले नाही. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात माझी धाकटी भाची सकाळीच दारात उभी राहिली, तेव्हा अर्जच असणार हे मी ओळखले. घसा पार बसला होता. डॉक्टरांनी आठ दिवस बोलायचे नाही असे सांगितले होते आणि ती कुजबुजत सांगत होती, ‘‘मामा, राजीनाम्याचं पत्र लिहून द्या. चार ओळी पुरेत. कारण वैयक्तिक म्हणा.’’

ती कात्रजच्या एका शाळेत सहावीला गणित आणि विज्ञान शिकवते. तिसरेच वर्ष. मी खरे कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘‘चाळीस मुलं आहेत आणि मला घसा एकच आहे.’’

खाते बंद करण्याचा अर्ज आला की आम्ही आधी त्या खात्याचा उतारा पाहत असू. निम्म्या वेळा ग्राहकाचा राग खात्यावर नसायचाच, भलत्याच कशावर तरी असायचा. मी तिला म्हटले, पत्र देतो, पण त्याआधी मला तुझा वर्ग आठवडाभर बघू दे. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली. बदल्यात शाळेच्या वार्षिक अंकासाठी एक लेख द्यायचे मी कबूल केले. तो लेख अजून द्यायचा आहे.

सातारा रस्त्यावरून आत गल्लीत वळले की ही शाळा लागते. वर्गावर पत्र्याचे छप्पर आहे आणि घाटाकडे जाणाऱ्या अवजड गाड्यांचा घरघराट खिडकीतून सतत येत असतो. मुले साधीसुधी. कुणाचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात, कुणाची आई दोन-तीन घरी स्वयंपाक करते, काहींची स्वतःची दुकाने आहेत. पाच रांगा, प्रत्येक रांगेत चार बाके, बाकावर दोघे. मला उजव्या कोपऱ्यातल्या शेवटच्या बाकामागे एक खुर्ची मिळाली. पहिल्याच दिवशी एकाने मागे वळून विचारले, ‘‘आजोबा, तुम्ही नापास झालात का?’’

मी बरोबर लांबट वही नेली होती, रोजकीर्दीसारखी. रकाने तीनच: घड्याळात किती वाजले, आवाज किती आहे, आणि त्या क्षणी बाई काय करत आहेत. आवाजाच्या तीन पायऱ्या ठरवल्या. पहिली पुटपुट, दुसरी गलका, आणि तिसरी शेजारच्या वर्गातल्या बाई दारातून डोकावतात ती. ‘कोण बोलत आहे’ हा रकाना मी मुद्दाम ठेवला नाही. नावे भाचीला पाठच होती. पाच वात्रट मुले आहेत, ती नसली तर वर्ग सोन्यासारखा आहे, हे तिचे ठाम मत होते. शाखेत रोख जुळत नसे तेव्हा आमचाही संशय सर्वांत आधी माणसावर जाई, आणि शोध घेतल्यावर चूक बहुधा बेरजेत सापडे.

पहिल्या दिवसाचा तास पस्तीस मिनिटांचा होता, छोट्या सुट्टीनंतरचा. त्यात गलका पाच वेळा झाला. संध्याकाळी वही उघडून तिसरा रकाना वाचला आणि मी जरा चकित झालो. पाचपैकी चार वेळा बाई शिकवतच नव्हत्या. एकदा मुले सुट्टीवरून येत होती आणि बाई ‘बसा, बसा’ म्हणत थांबल्या होत्या. एकदा वह्या वाटणे चालले होते. एकदा बाई फळ्याकडे तोंड करून उदाहरणे लिहीत होत्या. आणि सर्वांत मोठा गलका, तिसऱ्या पायरीचा, झाला तेव्हा बाई टेबलाशी बसून वह्या तपासत होत्या. अपूर्णांकांची बेरीज समजावून सांगताना मात्र वर्ग ठीक होता. त्या वेळी त्याच पाच वात्रटांपैकी दोघे उत्तरे देत होते. पुढचे दोन दिवस थोड्याफार फरकाने हेच चित्र.

‘शांत बसा रे’ हे वाक्य मी पहिल्या दिवशी एकतीस वेळा मोजले. हे कुणालाच उद्देशून नसलेले वाक्य आहे. चाळीस मुलांपैकी प्रत्येकाला ते दुसऱ्यासाठी आहे असे वाटते, आणि त्याचा परिणाम साधारण पाच सेकंद टिकतो. डस्टर टेबलावर आपटण्याचेही तेच. तिसऱ्या दिवसापासून मागची दोन मुले डस्टरच्या ठेक्यावर बाक वाजवू लागली होती.

माझ्या या शोधाचा मला अभिमान वाटू लागला होता, तेवढ्यात एका जुन्या प्राध्यापक मित्राने सांगितले की हे पन्नासेक वर्षांपूर्वी एकाने लिहून ठेवले आहे. त्याचे नाव जेकब कौनिन, अमेरिकेतला मानसशास्त्रज्ञ. त्याची गोष्ट गमतीची आहे. वर्गात तो मानसिक आरोग्य हा विषय शिकवत असताना एक विद्यार्थी खुशाल वर्तमानपत्र वाचत बसला होता. कौनिनने त्याला झापले. झापला एकाला, पण अख्खा वर्ग माना खाली घालून वह्यांकडे बघत बसला. मानसिक आरोग्याच्या तासाला! एकाला रागावल्याचे तरंग बाकीच्यांवर कसे उमटतात याचा त्याने मग अभ्यास सुरू केला. त्याचा कयास होता की रागावण्याच्या चांगल्या आणि वाईट पद्धती असतील, त्यातली चांगली शोधून काढावी. पुढे त्याने वर्गांचे चित्रीकरण करून ते तपासले. शांत वर्गातले शिक्षक आणि गोंधळाच्या वर्गातले शिक्षक, दंगा झाल्यावर जवळजवळ सारखेच वागत होते. रागावण्याच्या पद्धतीने फारसा फरक पडतच नव्हता. फरक होता तो दंगा होण्याच्या आधी शिक्षक काय करतात यात. १९७० साली त्याचे या विषयावरचे पुस्तक आले.

आता आमच्या वर्गातला सर्वांत मोठा गलका घेऊ, वह्या तपासण्याचा. उदाहरणे सोडवून झाली की मुलांनी वही घेऊन टेबलाशी यायचे, अशी पद्धत होती. आपल्या सगळ्यांच्याच शाळेत होती. एका वहीला वीस सेकंद धरा. चाळीस वह्यांना आठशे सेकंद, म्हणजे तेरा मिनिटे वीस सेकंद. पस्तीस मिनिटांच्या तासातली तेरा मिनिटे. या वेळात प्रत्येक मुलाच्या वाट्याला बाई येतात वीस सेकंद, आणि उरलेली तेरा मिनिटे त्याला काहीही काम नसते. टेबलाभोवती दहा-बारा जणांचे कोंडाळे होते, त्यामुळे बाईंना मागचा वर्ग दिसत नाही. रांगेत धक्काबुक्की होते, कारण रांग म्हटली की ती होणारच. जो आधी तपासून जातो तो परत जाताना चार जणांना उत्तर सांगत जातो.

हे मी शाखेत वर्षानुवर्षे पाहिले आहे. पासबुक भरून घ्यायला आलेली माणसे खिडकीशी गर्दी करायची, आणि आम्ही भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी लावली होती. पाटीने काही झाले नाही. एका शिपायाने सुचवले की पासबुके सकाळी पेटीत टाकून घेऊ आणि दुपारी परत देऊ. गर्दी दुसऱ्या आठवड्यात संपली. पाटी मात्र मी निवृत्त होईपर्यंत होती.

भाचीला मी म्हटले, मुलांनी तुझ्याकडे येण्याऐवजी तू त्यांच्याकडे जा. ती म्हणाली, ‘‘कशी जाऊ? एकदा चालून बघा.’’ मी चालून पाहिले. दोन रांगांमधल्या जागेत दप्तरे ठेवलेली होती. पहिल्या बाकापर्यंत जाता येई, दुसऱ्याशी अडखळायला होई, तिसऱ्याच्या पुढे वाटच नव्हती. म्हणजे मागची वीस मुले बाईंच्या टप्प्याबाहेर होती आणि त्यांना ते माहीत होते. इतक्या वर्षांत हे कुणाच्याच लक्षात आले नव्हते, कारण मागे जाण्याचे कुणाला कारणच पडत नव्हते. दप्तरे बाकाखाली आडवी सरकवायची असा नियम झाला. मोठी होती ती मागच्या भिंतीशी गेली. ज्या दिवशी वाट मोकळी झाली त्या दिवसापासून तपासणी वर्गात फिरत होऊ लागली. मुले चौथे उदाहरण सोडवत असताना बाई पहिल्याचे उत्तर पाहत जातात, बरोबर असेल तर टिंब, चूक असेल तर बोट ठेवून एक वाक्य. रोज पूर्ण वही एकाच रांगेची, म्हणजे आठांची, घरी न्यायची. पाच दिवसांत पाचही रांगा होतात.

फिरण्याचा दुसरा फायदा मोठा निघाला. कौनिन म्हणतो की मुलांना एक गोष्ट पटलेली असावी लागते: बाईंना कळते. आपल्याकडे ‘पाठीला डोळे असणे’ म्हणतात तेच. हे पटणे दोन चुकांनी तुटते. चुकीच्या मुलाला पकडणे ही एक, आणि उशिरा पकडणे ही दुसरी. दोन्ही मी एकाच घटनेत पाहिल्या. तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने पुढच्या मुलाची कंपासपेटी ढकलली. त्याने ती परत ढकलली. पेटी पडली, शेजारचा मुलगा हसला, मागच्या दोघांनी ओरडून दाद दिली. बाई फळ्याकडून वळल्या आणि जो हसत होता त्याला उभे केले. तो म्हणाला, ‘‘बाई, मी नाही.’’ खरे बोलत होता आणि साऱ्या वर्गाला ते ठाऊक होते. पुढची दहा मिनिटे तो मुलगा काही ऐकत नव्हता, आणि त्या मुलीने उरलेल्या तासात आणखी दोन उद्योग केले. हिशेब तपासायला आलेल्या माणसाने चुकीच्या कारकुनाला धरले की शाखेत नेमके हेच होते. पेटी पहिल्यांदा सरकली तेव्हा बाई तिसऱ्या बाकाशी असत्या, तर नुसते वहीवर बोट ठेवून भागले असते.

वह्या वाटण्याचे काम यांत्रिक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. कपाटातून गठ्ठा काढून बाई एकेक नाव घेत आणि एकेक मूल उठून येई. चार मिनिटे जात. जे काम सगळ्यांना एकदम करता येते ते एकेकाकडून करून घेणे, याला कौनिनने कामाचे तुकडे पाडणे म्हटले आहे. आता शेवटच्या बाकावरून वह्या पुढे सरकत येतात, प्रत्येक रांगेचा वेगळा गठ्ठा त्याच क्रमाने ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावरून मागे सरकत जातो. पहिल्या दिवशी यात पूर्वीपेक्षा जास्त वेळ गेला. चार मुले गैरहजर होती, त्यांच्या वह्यांनी सगळा क्रम बिघडवला. मग बाईंनी एकदा वह्यांशिवाय, नुसत्या जुन्या वर्तमानपत्राच्या घड्या सरकवून कवायत घेतली. मुलांना ती फार आवडली. दुसऱ्या आठवड्यात काम मिनिटभरात व्हायला लागले.

सुट्टीवरून येण्याच्या वेळेचे काय करायचे हे भाचीनेच शोधले. सुट्टी संपायच्या आधी ती फळ्यावर दोन ओळींचे एक उदाहरण लिहून ठेवू लागली आणि स्वतः दारात उभी राहू लागली. जो येईल त्याने बसून ते सुरू करायचे. सगळे येण्याची वाट पाहायची नाही. तीन दिवस उत्तम चालले आणि चौथ्या दिवशी कोसळले. त्या दिवशी वहीच्या तिसऱ्या रकान्यात मी लिहिले आहे: ‘बाईंनी कालच्या उदाहरणाचे उत्तर विचारलेच नाही.’ मुले हुशार असतात. हे काम आपल्याला गप्प बसवण्यासाठी आहे, पुढे त्याचे काही होत नाही, हे त्यांनी तीन दिवसांत हेरले. तेव्हापासून त्याच उदाहरणातून धडा सुरू होतो. नळावरच्या रांगेत किती मुले, एकाला पाणी प्यायला किती वेळ, शेवटच्याचा नंबर कधी, असली उदाहरणे असतात.

आता माझ्या कोपऱ्याबद्दल. उजवीकडची शेवटची दोन बाके हा वर्गाचा कुप्रसिद्ध भाग. पाच वात्रटांपैकी तिघे तिथे होते. तिथली पुटपुट फळ्यावरून उतरवून घेताना सुरू होई आणि हळूहळू गलका होई. पहिले दोन दिवस मी वहीत डोके घालून होतो. तिसऱ्या दिवशी मीही उदाहरणे उतरवून घेऊ लागलो आणि मला फळ्याचा डावा अर्धा भाग दिसेना. चष्मा पुसला, तरी दिसेना. खिडकीतून नऊच्या सुमाराला ऊन आत येत होते आणि गुळगुळीत झालेल्या फळ्यावर त्याची चमक पडत होती. पुढे बसलेल्यांना, डावीकडच्यांना काहीच त्रास नव्हता. आमच्या कोपऱ्यातून मात्र तो फळा नव्हता, आरसा होता. ती मुले काय बोलत होती ते मी मग लक्ष देऊन ऐकले. ‘‘पाच छेद का आठ छेद?’’ ‘‘पुढे काय लिहिलंय?’’ तिथून सुरुवात होई. मग ज्याला दिसत नाही तो खिडकीबाहेर बघे, मग दुसऱ्याला काहीतरी दाखवी, आणि मग शांत बसा रे.

यातली चुटपुट लावणारी गोष्ट अशी की ही मुले तिथे आपणहून बसलेली नव्हती. फार बोलतात म्हणून बाईंनीच त्यांना मागे कोपऱ्यात पाठवले होते. एकाचे नाव तर पालकांना बोलावण्याच्या यादीत होते. मी भाचीला त्या बाकावर बसवले आणि फळा वाचायला सांगितला. ती बराच वेळ बसून होती. म्हणाली, ‘‘मामा, मी याला दोनदा वर्गाबाहेर उभं केलंय.’’ दुसऱ्या दिवशी तिने घरून जुनी चादर आणून खिडकीला लावली. ती वाऱ्याने उडते. फळ्याला पुन्हा काळा रंग देण्याचा अर्ज मीच लिहिला. तो मंजूर व्हायचा आहे.

एक मुद्दा उरला, प्रश्न विचारण्याचा. ‘कोण सांगेल?’ असे विचारले की तीस हात वर आणि ‘बाई मी, बाई मी’चा कल्लोळ. हा गोंगाट उत्साहाचा आहे म्हणून तो मोडायला जीव होत नाही. पण त्यात दहाच मुले बोलतात आणि बाकीची आवाजाच्या आडोशाला निवांत असतात. मेरी बड रो या अमेरिकन विदुषीने दाखवून दिले होते की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांबतात, एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत. फळ्यासमोर उभे राहून थांबून पाहा, फार मोठे असतात. भाची आता प्रश्न विचारते, मनात तीन आकडे मोजते आणि मग नाव घेते. नाव आधी घेतले तर बाकीचे एकोणचाळीस सुटतात, हेही तिच्या अनुभवाने लक्षात आले.

सगळे जमले असे नाही. मी शेवटी गेलो तेव्हा ‘शांत बसा’ सात वेळा झाले. दोन मुली अजूनही अखंड बोलतात आणि त्यांचे कारण मला सापडले नाही. कदाचित त्यांना एकमेकींशी बोलायला आवडते एवढेच असेल. जोराचा पाऊस आला की पत्र्याखाली बाईंचा आवाज तिसऱ्या बाकालाही पोचत नाही. त्यावर उपाय एकच, बोलणे बंद करून लेखी काम देणे. एका पावसाच्या दिवशी तिने तसे न करता पावसाशी स्पर्धा केली आणि घसा पुन्हा चार दिवस बसला. गटात काम करताना होणारा आवाजही शेजारच्या बाईंना गोंगाटच वाटतो, आणि मुख्याध्यापकांकडे तक्रार जाते.

शाळेतल्या एका जुन्या गुरुजींनी मला मधल्या सुट्टीत सांगितले, ‘‘पूर्वी छडी होती, असलं काही लागत नव्हतं.’’ शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मारणे आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली आहे. कायदा २००९चा. मी छडी खाल्लेल्या पिढीतला आहे. आमचा वर्ग शांत असे हे खरे, पण फळा दिसत नाही असे सांगायचे धैर्यही कुणाला नसे. त्याच कायद्यात सहावी ते आठवीसाठी पस्तीस मुलांमागे किमान एक शिक्षक असावा असे म्हटले आहे. आमचा वर्ग चाळीसचा. मी हे गुरुजींना सांगितले, तेव्हा ते नुसते हसले.

राजीनाम्याचे पत्र मी लिहून ठेवले होते, कारण कबूल केले होते. तिने ते अजून नेलेले नाही, मीही आठवण केलेली नाही. मागच्या रविवारी ती पुन्हा आली ती वेगळ्याच कामासाठी. दुसऱ्या तुकडीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर जाणार आहेत, बदली शिक्षक मिळेपर्यंत दोन्ही तुकड्या एकत्र बसतील असे ठरते आहे. बासष्ट मुले, तीच खोली. बाकांच्या सहा रांगा केल्या तर मधून चालायची वाट राहत नाही. तिने कागदावर खोलीचा नकाशा काढून आणला होता, पावलांनी मोजून. आम्ही दुपारभर त्यावर बाके मांडत बसलो होतो.